दोन दगडांमधले सेकंद

महामार्गावर किलोमीटरच्या एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत पोचायला गाडीला किती सेकंद लागले ते मोजावे आणि ३६०० ला त्या संख्येने भागावे. जे उत्तर येते तो गाडीचा ताशी किलोमीटरमधला खरा वेग. त्या वेळी स्पीडोमीटरचा काटा कोणत्या आकड्यावर होता हे ठाऊक असेल, तर काटा किती पुढे किंवा मागे दाखवतो हेही लगेच कळते. त्यासाठी गॅरेजमध्ये जावे लागत नाही, गाडीला कोणतेही यंत्र जोडावे लागत नाही. सरळ रस्ता, चांगले दगड, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि शेजारच्या आसनावर घड्याळ धरायला एक माणूस एवढे पुरते.

३६०० हा आकडा तासातल्या सेकंदांचा आहे. एक किलोमीटर कापायला ६० सेकंद लागले तर तासाभरात साठ किलोमीटर कापले जातील, म्हणजे वेग ताशी ६०. तेच अंतर ४५ सेकंदांत कापले तर वेग ८०, ४० सेकंदांत ९०, ३६ सेकंदांत १००. हे चार आकडे लक्षात ठेवले की प्रवासात कागदाची गरज उरत नाही, कारण मधल्या किमती अंदाजाने काढता येतात. ताशी ६० च्या आसपास एका सेकंदाचा फरक म्हणजे वेगातला साधारण एक किलोमीटरचा फरक. ८० च्या आसपास तोच एक सेकंद जवळजवळ पावणेदोन किलोमीटरचा होतो आणि १०० च्या आसपास पावणेतीन किलोमीटरचा. वेग वाढतो तसा प्रत्येक सेकंद महाग होत जातो. ही गोष्ट पुढे चुका तपासताना महत्त्वाची ठरते.

हा भागाकार मनगटी घड्याळांनी फार पूर्वीच आपल्या अंगावर छापून घेतला आहे. काही घड्याळांच्या काचेभोवती ६० पासून चढत जाणाऱ्या आकड्यांची पट्टी असते. तिला टॅकीमीटर म्हणतात. पहिल्या दगडापाशी सेकंदकाटा बारावर असताना चालू करायचा आणि दुसऱ्या दगडापाशी थांबवायचा. काटा ज्या आकड्यासमोर थांबेल तो वेग. पंचेचाळीसाव्या सेकंदासमोर तिथे ८० लिहिलेले असते, छत्तिसाव्यासमोर १००. १९५७ सालच्या ओमेगा स्पीडमास्टरमध्ये ही पट्टी तबकडीवरून काढून काचेभोवतीच्या कड्यावर बसवली गेली आणि पुढे अशी घड्याळे मोटारशर्यतींशी जोडली गेली. पट्टीवर एकक लिहिलेले नसते. दगड मैलाचे असतील तर उत्तर ताशी मैलांत येते, किलोमीटरचे असतील तर किलोमीटरमध्ये. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि पुढच्या काळात रस्त्यांवरचे मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे आले. बोलण्यात मात्र ‘मैलाचा दगड’ टिकून राहिला.

या मोजणीत तीन गोष्टी एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात: घड्याळ, दगड आणि स्पीडोमीटर. तिन्ही सारख्या विश्वासाच्या नाहीत. साधे क्वार्ट्‌झ घड्याळ किंवा मोबाइलमधले स्टॉपवॉच चार-पाच मिनिटांत सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकेही चुकत नाही, त्यामुळे घड्याळाच्या बाजूने चूक येते ती फक्त बटण दाबणाऱ्या बोटाची. स्पीडोमीटर तर तपासायचाच आहे. शंका घ्यावी लागते ती दगडांवर, आणि या कामातले खरे कौशल्य चांगले दगड निवडण्यात आहे.

भारतीय रस्त्यांवरील किलोमीटरच्या दगडाचा आकार आणि रंग इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाने ठरवलेला आहे. राष्ट्रीय महामार्गावरच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गावरच्या दगडाचा हिरवा. दर पाचव्या किलोमीटरला जरा मोठा दगड असतो. चालत्या गाडीतून तो दुरूनच ओळखू येतो, म्हणून मोजणी सुरू करायला तो सोयीचा. दोन दगडांच्या मधे काही ठिकाणी दर २०० मीटरला छोटे दगड असतात आणि त्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे असतात. वेग मोजायला ते घेऊ नयेत. ताशी ८० ने जाताना २०० मीटर नऊ सेकंदांत संपतात आणि बटण दाबण्यात अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी उत्तरात साडेपाच टक्क्यांचा फरक पडतो. स्पीडोमीटरची चूकही साधारण तेवढीच असते, त्यामुळे दोन चुका एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

दगडावर पुढच्या गावाचे अंतर असते आणि ते प्रत्येक दगडाला एकाने कमी होत जाते. घड्याळ धरणाऱ्याने नुसता दगड पाहून बटण दाबू नये, आकडाही वाचावा. मधला एखादा दगड झाडीत लपलेला असतो, वाहनाच्या धडकेने पडलेला असतो किंवा रुंदीकरणात काढून टाकलेला असतो. आकडा वाचला असेल तर ती मोजणी दोन किलोमीटरची म्हणून वापरता येते. वाचला नसेल तर नव्वद सेकंदांचा आकडा पाहून गोंधळ होतो.

कामाची वाटणी अगदी स्पष्ट असावी. गाडी चालवणाऱ्याने फक्त काटा ठरलेल्या आकड्यावर स्थिर धरायचा आणि रस्त्याकडे पाहायचे. घड्याळ, दगड आणि वही या तिन्ही गोष्टी शेजारच्या माणसाकडे. एकट्याने, एका हातात फोन धरून हा प्रयोग करायचा नसतो. वेग निवडताना त्या रस्त्यावरच्या फलकाची मर्यादा पाळावी आणि गर्दीची वेळ टाळावी. ट्रकच्या मागे अडकून वेग कमी झाला, पुढे जाण्यासाठी लेन बदलावी लागली किंवा ब्रेक लागला, की ती मोजणी सोडून द्यावी. गाडीला क्रूझ कंट्रोल असेल तर काम सोपे होते. नसेल तर सपाट रस्त्यावर पाय स्थिर ठेवून काटा एखाद-दोन किलोमीटरच्या आत राखता येतो आणि तेवढे पुरते.

वेग स्थिर का ठेवायचा, हे एका उदाहरणाने नीट कळते. एका किलोमीटरमधले पहिले ५०० मीटर ७० ने आणि पुढचे ५०० मीटर ९० ने कापले, तर काट्याची सरासरी ८० वाटते. पण पहिल्या अर्ध्याला २५.७ सेकंद लागतात, दुसऱ्याला २०, मिळून ४५.७, आणि त्यावरून वेग निघतो ७८.८. गाडी हळू चालते तेव्हा ती जास्त वेळ हळू चालते, म्हणून घड्याळातून येणारी सरासरी खाली ओढली जाते. काटा ७८ ते ८२ च्या मधे राहिला तर हा फरक इतका बारीक होतो की विसरून चालतो.

बटण कुठे दाबायचे, हेही ठरवून घ्यावे. दगड दिसला की दाबले असे करून चालत नाही, कारण एक दगड शंभर मीटरवरून दिसतो आणि दुसरा झुडपामागून अचानक समोर येतो. शेजारच्या माणसाने डोके आसनाला टेकवून दाराच्या खिडकीची मागची कड निशाणीला घ्यावी. त्या कडेआड दगड जाईल त्या क्षणी बटण. कडेची रेषा रस्त्याशी अगदी काटकोनात नसली तरी बिघडत नाही. दोन्ही दगडांना तीच निशाणी वापरली आणि दगड रस्त्यापासून साधारण सारख्याच अंतरावर असले, तर सुरुवातीला झालेला उशीर शेवटीही तेवढाच होतो आणि वजाबाकीत निघून जातो. बोटाच्या उशिराचेही तसेच आहे. दगड येणार हे आधी ठाऊक असते, त्यामुळे उशीर थोडा असतो आणि दोन्ही वेळी जवळजवळ सारखा. उरते ती एक-दोन दशांश सेकंदांची अनियमितता.

सेकंदकाट्याच्या साध्या घड्याळावर मात्र वाचनातच एका सेकंदाची चूक होऊ शकते. एका किलोमीटरच्या मोजणीत, ताशी ८० च्या वेगाला, एक सेकंद म्हणजे सव्वादोन टक्के. त्यातून स्पीडोमीटरबद्दल काही ठाम म्हणता येत नाही. तेच घड्याळ ठेवून पाच किलोमीटर मोजले तर २२५ सेकंदांत एक सेकंद, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सुरुवातीच्या आणि शेवटच्या बटणाची चूक तेवढीच राहते, पण ती पाच किलोमीटरवर वाटली जाते. म्हणून दोन दगड म्हणताना ते शेजारचेच असावेत असे नाही. पाच किलोमीटरवरचे दोन मोठे दगड घेतले तर १८,००० ला एकूण सेकंदांनी भागावे लागते, इतकाच फरक.

पुणे-सोलापूर हा राष्ट्रीय महामार्ग ६५ भिगवण ओलांडल्यावर इंदापूरकडे जाताना उजनी धरणाच्या फुगवट्याच्या बाजूने मोकळ्या, सपाट मुलखातून जातो. घाट नाही, मोठी वळणे नाहीत. अशा रस्त्यावरची एक मोजणी नमुन्यादाखल पाहू. समजा १७५/६५ आर १४ मापाचे, निम्मे झिजलेले टायर असलेली एक लहान मोटार आहे आणि काटा ८० वर धरला आहे. स्टॉपवॉचमधले लॅपचे बटण प्रत्येक दगडापाशी दाबले. पाच किलोमीटरचे सेकंद आले ४७.६, ४७.२, ४७.५, ४७.९ आणि ४७.३. बेरीज २३७.५. अठरा हजारांना २३७.५ ने भागल्यावर ७५.८ येतात. म्हणजे काटा ८० दाखवत असताना गाडी ताशी पाऊणशेच्या किंचित वर धावत होती.

पाच आकडे एकमेकांपासून फार तर ०.७ सेकंद दूर आहेत. एवढी अनियमितता बोटाची आणि पायाची आहे, आणि ती बेरजेत विरून जाते. परतीच्या वाटेवर दुसऱ्या बाजूच्या रस्त्यावरून तेच पाच किलोमीटर मोजले आणि २३६.९ सेकंद आले तर वेग निघतो ७६. दोन उत्तरांत ०.२ चाच फरक आहे, त्यामुळे निष्कर्षावर भरवसा ठेवता येतो. उलट दिशेने मोजताना चढाचा उतार होतो आणि समोरचा वारा पाठीवर येतो, पण या मोजणीत त्याने काही बिघडत नाही. वाऱ्याला तोंड द्यायला इंजिनाला जास्त जोर लागतो एवढेच. काटा ८० वर धरला असेल तर चाके तितक्याच वेगाने फिरतात. परतीची मोजणी करायची ती वाऱ्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या बाजूचे दगड पहिल्या बाजूच्या दगडांची साक्ष देतात का हे पाहण्यासाठी.

लॅप वेगवेगळे नोंदवण्याचा खरा फायदा इथेच आहे. समजा त्याच मोजणीत सहावा किलोमीटर ४४.१ सेकंदांत संपला आणि सातव्याला ५०.८ लागले. काटा जागचा हलला नव्हता. दोन्हींची बेरीज ९४.९, म्हणजे सरासरी ४७.४५, आधीच्या आकड्यांशी नेमकी जुळणारी. गाडीचा वेग बदलला असता तर बेरीज अशी जुळली नसती. याचा अर्थ मधला दगड आपल्या जागी नाही. साडेतीन सेकंदांपेक्षा किंचित कमी वेळ आणि सेकंदाला २१ मीटर वेग, म्हणजे तो सुमारे ७० मीटर अलीकडे रोवला आहे. नव्या पुलाची कड, शेताची वाट, एखाद्या हॉटेलचा दरवाजा मधे आला की दगड थोडा सरकवला जातो, किंवा पडलेला दगड सोयीच्या जागी पुन्हा उभा केला जातो. दगडावरचा आकडा बरोबर असतो, जागा चुकलेली असते. ज्याने नेमका तोच एक किलोमीटर मोजला असता त्याला काटा अगदी बरोबर आहे असे वाटले असते, कारण ४४.१ सेकंद म्हणजे ताशी ८१.६.

याहून फसवा प्रकार म्हणजे जो किलोमीटर मुळातच हजार मीटरचा नाही. गावाबाहेरून बाह्यवळण काढले, धोक्याचे वळण सरळ केले की रस्त्याची लांबी बदलते. पुढचे सगळे दगड उखडून नव्याने लावायचे की बदल एकाच ठिकाणी जिरवायचा, असा प्रश्न रस्ते बांधणाऱ्यांपुढे येतो, आणि पुष्कळदा दुसरा मार्ग पत्करला जातो. मग एखादा ‘किलोमीटर’ आठशे मीटरचा किंवा बाराशे मीटरचा राहतो. इथे एक लॅप लांब किंवा आखूड येतो, पण पुढच्या लॅपमध्ये त्याची भरपाई होत नाही. हाच फरक ओळखायची खूण आहे: सरकलेल्या दगडाची चूक शेजारच्या लॅपमध्ये उलट्या चिन्हाने परत येते, तुटलेल्या किलोमीटरची परत येत नाही. असा लॅप आला तर तो वगळून उरलेले किलोमीटर धरावेत. चौपदरीकरणाचे काम चालू असलेला रस्ता, शहराच्या हद्दीतला भाग आणि बाह्यवळणाच्या दोन्ही टोकांजवळचे दगड आधीच टाळलेले बरे. घाटातले दगडही टाळावेत, दगड वाईट असतात म्हणून नव्हे, तर तिथे काटा स्थिर राहत नाही म्हणून.

नव्या द्रुतगती मार्गांवर दगडांऐवजी दुभाजकावर किंवा कडेला छोटे फलक असतात आणि त्यांवर किलोमीटर आणि त्यापुढचे मीटर असे दोन आकडे असतात. सगळा रस्ता एकाच आखणीत मोजून बांधलेला असल्याने हे फलक सहसा विश्वासाचे असतात. अट एवढीच, की दोन्ही फलकांवरचा मीटरचा आकडा एकच असावा. एका फलकावर ० आणि दुसऱ्यावर २०० असेल तर मधले अंतर एका किलोमीटरचे नसते.

आता ८० च्या जागी ७६ निघाले म्हणजे स्पीडोमीटर बिघडला का? तसे नाही. तो पुढे दाखवावा अशीच त्याची रचना असते. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या वाहन विनियमात स्पीडोमीटरची मर्यादा घातलेली आहे आणि ती एकतर्फी आहे. दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. जास्त असेल तर खऱ्या वेगाच्या दहाव्या भागात ४ मिळवून येईल तितकाच जास्त असावा. खरा वेग ताशी ४० असताना काटा ४० ते ४८ मध्ये कुठेही चालतो, ८० असताना ८० ते ९२ मध्ये. कमी दाखवणारा काटा चालकाला नकळत मर्यादेबाहेर नेईल, म्हणून तिकडची वाट पूर्ण बंद केलेली आहे. पण कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक गाडीत थोडा फरक असतो, टायर वेगवेगळे येतात. काटा नेमका खऱ्या वेगावर बसवला तर निम्म्या गाड्या चुकीच्या बाजूला जातील. म्हणून निर्माता काही टक्के पुढे बसवतो. नमुन्यातल्या मोटारीची चूक ४.२ किलोमीटरची आहे आणि तिथे साडेअकरा किलोमीटरपर्यंत मुभा आहे. काटा निर्दोष आहे.

पुढची पायरी म्हणजे हीच मोजणी ६० आणि १०० वर पुन्हा करणे. समजा काटा ६० वर असताना पाच किलोमीटरला ३१७ सेकंद लागले आणि १०० वर असताना १८९.९. खरे वेग निघतात ५६.८ आणि ९४.८. म्हणजे ६० वर चूक ३.२, ८० वर ४.२ आणि १०० वर ५.२. चूक वेगाबरोबर वाढते आणि प्रत्येक ठिकाणी दाखवलेल्या आकड्याच्या साधारण विसाव्या भागाइतकी आहे. अशा गाडीत काट्याने दाखवलेल्या वेगातून विसावा भाग वजा केला की खरा वेग मिळतो. तिन्ही वेगांना चूक सारखीच, समजा ४ किलोमीटरची, आली असती तर काटा आपल्या जागेवरून थोडा फिरून बसला आहे असा अर्थ निघाला असता. तसा काटा गाडी उभी असतानाही शून्यावर टेकत नाही किंवा खालच्या खुंटीवर दाबून बसलेला असतो, त्यामुळे ही शंका उभ्या गाडीतच तपासता येते.

विसाव्या भागाइतकी ही चूक कुठून आली, हे ओडोमीटर सांगतो. एकूण अंतर मोजणारा हा आकडा आणि वेगाचा काटा दोन्ही चाकाच्या फेऱ्यांवरच चालतात. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्समधून किंवा पुढच्या चाकापासून आलेली केबल एक चुंबक फिरवत असे. तो ॲल्युमिनियमच्या वाटीला ओढत असे आणि वाटीला धरून ठेवणाऱ्या बारीक स्प्रिंगमुळे काटा वेगाप्रमाणे वर चढत असे. ओटो शुल्झ यांनी १९०२ साली पेटंट घेतलेली ही युक्ती शतकभर चालली. आताच्या गाड्यांत चाकाजवळचा किंवा गिअरबॉक्समधला सेन्सर स्पंदने मोजतो. स्पंदनांवरून वेग दाखवताना निर्माता मुद्दाम काही टक्के मिळवतो, अंतर मोजताना सहसा मिळवत नाही. त्यामुळे दगडांशी ट्रिप मीटर ताडून पाहिले की टायरमुळे होणारी चूक आणि निर्मात्याने ठेवलेली वाढ वेगवेगळ्या होतात. ट्रिप मीटर किलोमीटरच्या दहाव्या भागापर्यंतच दाखवते, म्हणून इथे पाच किलोमीटर अपुरे पडतात. निदान वीस घ्यावेत. नमुन्यातल्या मोटारीने वीस दगडांच्या अंतरात २०.२ दाखवले असे धरू. एक टक्का अंतर जास्त दिसले. हा टक्का टायरचा, आणि उरलेले सुमारे साडेचार टक्के निर्मात्याने ठेवलेले.

टायर अंतर कसे वाढवतो, हे त्याच्या मापावरून दिसते. १७५/६५ आर १४ या आकड्यांत टायरची रुंदी १७५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के आणि रिमचा व्यास १४ इंच असे सांगितलेले असते. त्यावरून नव्या टायरचा व्यास येतो ५८३ मिलिमीटर. नव्या टायरचे खाचे साधारण ८ मिलिमीटर खोल असतात आणि १.६ मिलिमीटरवर आले की टायर बदलायची खूण उघडी पडते. तोवर व्यास दोन्ही बाजूंनी मिळून जवळजवळ १३ मिलिमीटरने घटलेला असतो, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडा जास्त. चाक लहान झाले की तेवढ्याच अंतराला जास्त फेऱ्या होतात, आणि फेऱ्या मोजणाऱ्या यंत्राला गाडी जास्त चालली असे वाटते. निम्म्या झिजलेल्या टायरला एक टक्का, हा हिशोब ट्रिप मीटरशी जुळतो. हवा कमी असल्यानेही चाक किंचित लहान होते, पण रेडियल टायरमधला पोलादी पट्टा ताणला जात नसल्याने हा परिणाम त्याहून बारीक असतो. तरी मोजणीच्या दिवशी हवा नेहमीच्या दाबावर असावी, म्हणजे तो प्रश्नच उरत नाही.

खरी अडचण होते ती गाडी उंच दिसावी किंवा खड्ड्यांत बरी चालावी म्हणून मोठे टायर बसवल्यावर. त्याच रिमवर १८५/७० आर १४ बसवला तर व्यास ६१५ मिलिमीटर होतो, जुन्यापेक्षा ५.४ टक्के जास्त. आता चाक एका फेरीत जास्त अंतर कापते आणि यंत्राला ते कळत नाही. ज्या गाडीत काटा ८० वर असताना खरा वेग ७५.८ होता, तिथे आता तो जवळजवळ ८० होतो, आणि निर्मात्याने राखून ठेवलेली जागा पुरी खाल्ली जाते. शिवाय नमुन्यातली गाडी निम्म्या झिजलेल्या टायरवर होती. बसवलेले टायर नवे कोरे असतील तर आणखी एक टक्क्याने खरा वेग काट्याच्या पुढे जातो. पाच किलोमीटरला २२५ सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला आणि काटा ८० च्या वर गेला नव्हता, की हे ओळखावे. मग दगड तपासावेत, परतीची मोजणी करावी, आणि दोन्हीकडे तेच आले तर मूळ मापाच्या टायरकडे परतावे. वेग टिपणारे कॅमेरे खरा वेग मोजतात, गाडीतला काटा पाहत नाहीत.

आज मोबाइलमधले जीपीएसही वेग दाखवते. मोकळ्या आकाशाखाली, सरळ रस्त्यावर आणि स्थिर वेगाने जाताना त्याचा आकडा दगडांच्या मोजणीशी अर्ध्या-एक किलोमीटरच्या आत जुळायला हवा. जुळला नाही, तर प्रत्येक दगडापाशी फोनवरचे अंतरही टिपून पाहावे. चूक दगडांची की वाचण्याची, ते त्यातून सुटते. वेग कमी-जास्त होत असताना फोनचा आकडा थोडा मागे राहतो, म्हणून तिथेही काटा स्थिर असावाच लागतो.

दुचाकीवर ही मोजणी मागे बसलेल्या माणसानेच करायची. घड्याळ मनगटावर नीट बांधलेले असावे आणि एका हाताने पकड सुटता कामा नये. दुचाकीवर खिडकीची कड नसते, म्हणून निशाणीला चालवणाऱ्याचा खांदा घ्यावा. वेग ६० पुरतो. पाच किलोमीटरला ३०० सेकंद धरून चालावे. त्यापेक्षा जितके सेकंद जास्त लागतील, तितके काट्याचे पुढे धावणे. दर तीन सेकंदांना एक टक्का.

मोजणीची नोंद गाडीच्या कागदांबरोबर ठेवताना तारीख, ओडोमीटरचा आकडा आणि टायरच्या खाचांची खोली तिच्याशेजारी लिहावी. टायर बदलल्यावर हाच रस्ता, हेच दगड आणि काटा तेवढ्याच आकड्यावर ठेवून पुन्हा मोजले, की नव्या-जुन्या टायरांमधला फरक सेकंदांत दिसतो: नमुन्यातल्या मोटारीला निम्मे झिजलेले टायर काढून त्याच मापाचे नवे बसवले, तर पाच किलोमीटरचे २३७.५ सेकंद सुमारे २३५ वर येतात.